चेहऱ्यापासून नावापर्यंत

पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे एक छायाचित्र लुई दाग्येरने १८३८ मध्ये घेतले. ठसा उमटायला काही मिनिटे लागत, त्यामुळे चालती माणसे आणि घोडागाड्या चित्रात आल्याच नाहीत. बूट साफ करून घ्यायला थांबलेला एक गृहस्थ तेवढा कोपऱ्यात उमटला. छायाचित्रात आलेला हा बहुधा पहिला माणूस, आणि तो कोण होता हे आजही कोणाला सांगता येत नाही. भर रस्त्यात दिसणे आणि ओळखले जाणे यांत त्या काळी केवढे अंतर होते! ते अंतर कसे सरत गेले, याचाच आपण मागोवा घेऊ.

पहिला प्रयत्न पोलिसांचा. १८८० च्या आसपास पॅरिसच्या पोलिसांकडे गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा ढीग साचला होता. नाव ठाऊक असेल तर छायाचित्र शोधून काढता येई. पण पकडलेल्या माणसाने खोटे नाव सांगितले, तर नुसत्या चेहऱ्यावरून त्या ढिगात शोधायचे कसे? आल्फोंस बेर्तियों या कारकुनाने चेहऱ्याचा नाद सोडून मापे धरली. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मधल्या बोटाची लांबी अशी मापे घ्यायची, प्रत्येकाचे लहान, मध्यम आणि मोठे असे गट पाडायचे आणि त्या क्रमाने कार्डे खणांत लावायची. मग मोजके खण उघडले की जुने कार्ड हाती येई. १८८३ मध्ये खोटे नाव सांगणारा एक जुना गुन्हेगार या रीतीने ओळखला गेला. मात्र त्यासाठी माणूस समोर उभा करून मोजावा लागे. रस्त्याने जाणाऱ्याला हा धोका नव्हता.

दुसरे वळण अमेरिकेत आले. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा हातात मावणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि १८९० मध्ये सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावरचा आपला गाजलेला लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. पूर्वी छायाचित्रासाठी माणसाला जाणूनबुजून बसावे लागे, म्हणून ग्राहक आणि छायाचित्रकार यांच्यातल्या कराराचे संरक्षण पुरे होई. चोरून टिपणे शक्य झाल्यावर ते अपुरे ठरले. साधन बदलले की हक्काचीही फेरमांडणी करावी लागते, हे तेव्हाच लक्षात आले होते. तरी पुढे, १९६० मध्ये, कायदेपंडित विल्यम प्रॉसर यांनी सार्वजनिक रस्त्यापुरता वेगळा निष्कर्ष काढला: तिथे हजर असलेल्या कोणालाही जे दिसले असते, त्याचीच नोंद कॅमेरा करतो, मग तक्रार कसली? त्या काळी हे पटण्याजोगे होते. वाटसरूला चेहरा दिसतो, नाव दिसत नाही, आणि कॅमेऱ्यालाही दिसत नव्हते.

प्रॉसर लिहीत होते त्याच दशकात वूडी ब्लेडसो या अमेरिकी संशोधकाने चेहरे यंत्राकडे सोपवले. डोळ्यांचे कोपरे, केसांची रेषा असे बिंदू माणूस हाताने नोंदवी आणि संगणक त्यांवरून वीस अंतरे काढून जुळणी करी. तासाला जेमतेम चाळीस छायाचित्रे होत. पुढे बिंदू नोंदवणारा हातही गळला आणि प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची ओळ यंत्रच काढू लागले. एव्हाना कोट्यवधी लोकांनी आपापली छायाचित्रे नावानिशी समाजमाध्यमांवर ठेवली होती. बेर्तियोंचे खण लोकांनी स्वतःच भरून दिले होते.

२०१६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या येगोर त्स्वेत्कोव या छायाचित्रकाराने मेट्रोत समोर बसलेल्या अनोळखी प्रवाशांची छायाचित्रे घेतली आणि ‘फाइंडफेस’ या सेवेतून ‘व्कोंताक्ते’ या रशियन समाजमाध्यमावर ती माणसे शोधली. बरेच प्रवासी सापडले. प्रवासी सार्वजनिक जागी होते आणि प्रोफाइलही उघडी होती. पण डब्यातल्या कोणाला हा प्रवासी कुठे शिकला, त्याचे मित्र कोण, तो सुटीत कुठे जातो, हे दिसले नसते. धोका दाखवणे हा त्स्वेत्कोवचा हेतू होता. पण त्याच वर्षी काहींनी तीच सेवा वापरून प्रौढ चित्रफितींत काम केलेल्या स्त्रियांची खरी नावे हुडकली आणि त्या चित्रफितींची माहिती त्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवली.

यंत्र चुकते तेव्हाही भोगावे लागते. ते ओळखत नाही, सर्वांत जवळची आकड्यांची ओळ पुढे करते. खरा माणूस संग्रहात नसला तरी कोणीतरी जवळचा निघतोच. २०२० मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी दुकानातल्या कॅमेऱ्याच्या धूसर चित्रावरून अशाच जुळणीच्या आधारे एका निरपराध माणसाला बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सार्वजनिक जागी गेल्याने तो संपत नाही, कारण तो जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो, असे त्यातल्या प्रमुख निकालपत्रात म्हटले आहे. मात्र २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. रस्त्यावर टिपलेले छायाचित्र त्या व्यक्तीने जाहीर केलेले नसते. ज्या प्रोफाइलशी ते जुळते, ते बहुधा तिनेच जाहीर केलेले असते. हे दोन तुकडे वेगवेगळे ठेवून मोजले तर हानी दिसत नाही, कारण ती जोडण्याच्या कृतीत आहे. इतकी वर्षे ती जोडणी कष्टाची होती आणि ते कष्टच आपले संरक्षण होते. आता कष्ट उरलेले नाहीत, म्हणून जोडणाऱ्याला परवानगी कधी असावी हे कायद्यालाच ठरवावे लागेल.