नोकरदार आईचा अपराधभाव : युद्ध, पाळणाघरे आणि एका अहवालाची गोष्ट

१/
डिसेंबर १९४५. दुसरे महायुद्ध संपून काही महिने झाले होते. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने स्थानिक प्रशासनांना एक परिपत्रक पाठवले. त्याचा आशय असा की, दोन वर्षांखालील मुलांच्या आयांनी नोकरीसाठी घराबाहेर पडू नये, त्यांना त्यापासून परावृत्त करणे हेच योग्य धोरण होय. वर्षभरापूर्वी याच आयांना देशाची गरज म्हणून कारखान्यात बोलावले गेले होते. कामावर असताना अर्धा जीव घरी ठेवणाऱ्या आजच्या आईच्या मनातील टोचणीचा एक मोठा धागा या काळापर्यंत जाऊन पोचतो.

२/
युद्धाच्या काळात पुरुष आघाडीवर गेले आणि विमाने, दारूगोळा, कपडे बनवण्याचे काम स्त्रियांवर आले. त्यांची मुले सांभाळण्यासाठी सरकारी पैशांतून पाळणाघरे उभी राहिली. १९४४ च्या सुमारास त्यांची संख्या सुमारे दीड हजारावर पोचली होती. कारखान्याच्या पाळीनुसार ती सकाळी लवकर उघडत आणि उशिरा बंद होत. आई कामावर गेल्याने मुलाचे कायमचे नुकसान होते, असे त्या वर्षांत सरकार म्हणत नव्हते.

३/
युद्ध संपताच पाळणाघरांना मिळणारे केंद्रीय अनुदान निम्म्यावर आले. उरलेला खर्च स्थानिक प्रशासनांवर पडला आणि पाळणाघरे एकामागून एक बंद होऊ लागली. गंमत अशी की, १९४७ मध्ये मजुरांची टंचाई भासताच सरकारच्याच दुसऱ्या खात्याने स्त्रियांना पुन्हा कामावर येण्याचे आवाहन केले. एक खाते आईला घरी बसवू पाहत होते, दुसरे तिला कारखान्यात बोलावत होते. ओढाताण आईच्या मनात सुरू होण्याआधी राज्यकारभारात सुरू झाली होती.

४/
या पार्श्वभूमीवर जॉन बोल्बी हे नाव पुढे आले. ते लंडनमधील बालमानसोपचारतज्ज्ञ. १९४४ मध्ये त्यांनी आपल्या उपचारकेंद्रात आलेल्या ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १७ मुले लहानपणी आईपासून दीर्घकाळ दूर राहिली होती. त्याच केंद्रातील, पण चोरी न करणाऱ्या ४४ मुलांमध्ये अशी केवळ दोन आढळली. त्यातही ज्या १४ मुलांना बोल्बींनी भावशून्य ठरवले होते, त्यांतील १२ जणांच्या वाट्याला ही ताटातूट आलेली होती.

५/
फरक मोठा होता, परंतु त्याचा अर्थ लावण्यात अडचणी होत्या. कोणते मूल भावशून्य हे बोल्बींनी स्वतःच ठरवले होते, आणि त्या मुलांचा पूर्वेतिहासही त्यांना ठाऊक होता. शिवाय येथे ‘दूर राहणे’ म्हणजे महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहणे किंवा परक्या घरी, एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहणे. आई सकाळी कामावर गेली आणि संध्याकाळी परतली, असा हा विरह नव्हता.

६/
पुढे जागतिक आरोग्य संघटनेने बोल्बींकडे एक काम सोपवले. युद्धाने लक्षावधी मुले बेघर झाली होती, त्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल हवा होता. १९५० मध्ये त्यांनी युरोपातील काही देश आणि अमेरिका येथे फिरून तज्ज्ञांशी चर्चा केली आणि उपलब्ध संशोधन एकत्र केले. १९५१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की, लहान मुलाला आईशी, किंवा आईची जागा कायमस्वरूपी घेणाऱ्या व्यक्तीशी, उबदार, जवळचे आणि अखंड नाते लाभले पाहिजे.

७/
अहवालातील पुरावा मुख्यतः अनाथालयांतील आणि रुग्णालयांतील मुलांचा होता. तेथे पाळीनुसार बदलणाऱ्या परिचारिका असत, एकेका बाईकडे अनेक तान्ही मुले असत, कुशीत घेणारे हक्काचे माणूस नसे. अशा मुलांचे खरोखर हाल होत होते. लहान मुलांना मोठ्या संस्थांत कोंडून ठेवण्याची पद्धत मोडण्यास आणि रुग्णालयात आईवडिलांना मुलाजवळ थांबू देण्यास या कामाचा मोठा हातभार लागला. ते श्रेय बोल्बींना द्यावेच लागते.

८/
घसरण पुढच्या पायरीवर झाली. कुटुंब मुलाला सांभाळू न शकण्याची कारणे सांगताना अहवालाने मृत्यू, तुरुंगवास, युद्ध, दुष्काळ यांच्या यादीतच आईची पूर्णवेळ नोकरीही नोंदवली. त्याच वर्षी संघटनेच्या एका तज्ज्ञ समितीने तर पाळणाघरांमुळे पुढच्या पिढीच्या भावनिक आरोग्याची कायमची हानी होते, असे मत दिले. आठ तासांचे पाळणाघर आणि आयुष्यभराचे अनाथालय एकाच तागडीत तोलले गेले. १९५३ मध्ये अहवालाची सुटसुटीत, स्वस्त आवृत्ती निघाली आणि ही भाषा घरोघरी पोचली.

९/
मात्र येथे कालक्रम नीट लक्षात घ्यावा लागतो. पाळणाघरांविरुद्धचे परिपत्रक १९४५ चे, अहवाल १९५१ चा. पाळणाघरे बोल्बींनी बंद पाडली नाहीत. खर्च वाचवू पाहणाऱ्या आणि जुनी घडी पुन्हा बसवू पाहणाऱ्या धोरणाने ती आधीच बंद केली होती. अहवालाने त्या निर्णयाला शास्त्राचे वजन दिले. सरकारी काटकसरीचा प्रश्न आता आईच्या प्रेमाचा प्रश्न बनला, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर आली.

१०/
अहवालाचा दुसरा अर्धा भाग मात्र विस्मृतीत गेला. मूल जसे आईवडिलांवर अवलंबून असते तसे आईवडील समाजावर अवलंबून असतात, असे बोल्बींनी त्यात बजावले होते. समाजाला मुलांचे मोल वाटत असेल, तर त्याने आईवडिलांनाही आधार दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आईने काय करावे हे लोकांनी पाठ केले. आईसाठी समाजाने काय करावे, ते पान उलटले गेले.

११/
खुद्द बोल्बींचे बालपणही विचार करायला लावणारे आहे. १९०७ मध्ये सुखवस्तू घरात जन्मलेल्या या मुलाला आई दिवसातून साधारण तासभर, दुपारच्या चहानंतर भेटे. बाकी सांभाळ दायांकडे असे. त्यांतली त्यांची आवडती दाई, ते सुमारे चार वर्षांचे असताना, घर सोडून गेली आणि ते दुःख त्यांना मोठेपणीही आठवत राहिले. त्यांच्या वर्गातील आयांना दिवसभर मुलापासून दूर राहिल्याबद्दल कोणी जाब विचारला नव्हता. जाब विचारला गेला तो पगारासाठी बाहेर पडणाऱ्या आईला.

१२/
त्याच पिढीतील दुसरे तज्ज्ञ म्हणजे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट. युद्धकाळात शहरांतून हलवलेल्या मुलांसोबत त्यांनी काम केले होते आणि बीबीसी रेडिओवरून ते आयांशी बोलत. त्यांनी १९५३ मधील एका लेखात ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. आरंभी ही आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते. पुढे हळूहळू, मूल सोसू शकेल इतपत, कमी पडत जाते. दूध दोन मिनिटे उशिरा येते, हाकेला लगेच ओ मिळत नाही.

१३/
विनिकॉट यांच्या मते हे कमी पडणे हा दोष नव्हे. या छोट्या उणिवांतूनच मुलाला कळते की जग आपल्या इच्छेबाहेरही अस्तित्वात आहे, आणि ते वाट पाहायला शिकते. प्रत्येक गरज तत्काळ भागवणारी आई मुलाची ही वाट अडवून धरते. अर्थात विनिकॉटही आई घरीच असणार असे गृहीत धरत होते; नोकरदार आईची वकिली त्यांनी केली नाही. तरीही परिपूर्णता हे मापच चुकीचे आहे, हे त्यांनी त्या काळात सांगितले.

१४/
मूळ दाव्याची फेरतपासणीही झाली. १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच पुनर्विचाराचा ग्रंथ काढला. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांचे म्हणणे होते की, अनेक समाजांत मूल एकाच व्यक्तीच्या नव्हे तर अनेकांच्या अंगाखांद्यावर वाढते. १९७२ मध्ये मायकल रटर यांनी सगळा पुरावा पुन्हा चाळला. आजारपणामुळे किंवा सुट्टीमुळे आईवडिलांपासून काही काळ दूर राहिलेल्या मुलांपेक्षा घरातील सततच्या भांडणांतून ताटातूट झालेली मुले अधिक बिघडलेली त्यांना आढळली. दूर राहण्यापेक्षा त्यामागचे कारण अधिक बोलके होते.

१५/
पाळणाघराचा प्रश्न थेट तपासणारा मोठा अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झाला. दहा ठिकाणची तेराशेहून अधिक मुले जन्मापासून त्यात होती. पंधराव्या महिन्यापर्यंतचा निष्कर्ष असा : मूल पाळणाघरात जाते की नाही, एवढ्यावरून त्याचे आईशी असलेले नाते सुरक्षित की असुरक्षित हे ठरत नाही. आई मुलाच्या खुणा किती ओळखते, हे अधिक महत्त्वाचे होते. जेथे हा प्रतिसाद क्षीण होता आणि त्यात पाळणाघरही सुमार दर्जाचे किंवा दीर्घ तासांचे होते, तेथे जोखीम वाढलेली दिसली. फार तास पाळणाघरात गेलेल्या मुलांमध्ये पुढे वर्तनाच्या तक्रारी थोड्या अधिक आढळल्या, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले.

१६/
दरम्यान मापदंडच सरकत राहिला. अमेरिकेतील वेळेच्या नोंदवह्या पाहता, १९६५ मध्ये आया मुलांच्या प्रत्यक्ष देखभालीत आठवड्याला सुमारे १० तास घालवत. २००० च्या सुमारास तो आकडा सुमारे १३ तासांवर गेला. २००० मधील नोकरदार आई मुलांना साधारण तितकाच वेळ देत होती, जितका १९६५ मधील गृहिणी देत असे. तिचा वेळ घटला नव्हता, अपेक्षा वाढली होती. आणि तरी ज्या गृहिणीच्या आठवणीने तिला स्वतःचे उणे वाटे, त्या गृहिणीपेक्षा ती फारशी मागे नव्हती.

१७/
म्हणून कचेरीतून निघायला उशीर झाला की मनात उठणाऱ्या प्रश्नाचे मूळ तपासावे लागते. ‘मी दिवसभर घरी नाही’ हा आरोप बेघर मुलांविषयीच्या पुराव्यातून उचललेला आणि काटकसरीच्या धोरणाने वापरलेला आहे. पुराव्यावर टिकणारे प्रश्न वेगळे आहेत : मुलाला सांभाळणारी माणसे दर महिन्याला बदलतात का? एकेकीकडे किती मुले आहेत? घरात सततचा कलह आहे का? मूल हाक मारते तेव्हा, कोणाचे तरी, लक्ष जाते का? यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे एकट्या आईला देता येत नाहीत. ती बाप, मालक, पाळणाघर आणि सरकार यांच्याकडेही मागावी लागतात. १९५१ च्या अहवालाचे उलटून गेलेले पान हेच सांगत होते.