मॉरिस ट्रॅव्हर्सल

स्टॅक किंवा रिकर्शन न वापरता बायनरी ट्रीचे नोड इनऑर्डर क्रमाने वाचण्याची, जोसेफ मॉरिस यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत. समजा, मुळाशी ४, त्याच्या डावीकडे २, उजवीकडे ५, आणि २ च्या खाली १ व ३ आहेत. ४ वरून डावीकडे उतरण्याआधी डाव्या भागातला सर्वांत उजवा नोड, म्हणजे ३, शोधून त्याचा रिकामा उजवा पॉइंटर ४ कडे वळवतात. हा परतीचा धागा. तसाच १ चा धागा २ कडे जातो. १ वाचून २ वर परतल्यावर तो धागा आधीच बांधलेला आढळतो, म्हणजे डावी बाजू संपली. मग धागा सोडवून २ वाचायचा आणि उजवीकडे वळायचे. काम मध्येच थांबवले, तर उरलेल्या धाग्यांमुळे ट्रीत चक्र राहते आणि पुढचे साधे वाचन संपतच नाही. म्हणून हवे ते मूल्य लवकर सापडले तरी फेरी पूर्ण करावी.