ट्रेडमिल ताण चाचणी : निष्कर्षाचा अर्थ

ज्या चाचणीत चालत्या पट्ट्यावर रुग्णाला चालवून त्याच्या हृदयाची गती वाढवली जाते आणि त्या वेळी हृदयस्नायूला पुरेसे रक्त मिळते की नाही हे ईसीजीच्या आलेखावरून पाहिले जाते, तिला ट्रेडमिल ताण चाचणी किंवा व्यवहारात टीएमटी म्हणतात. रूढ ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात. आलेखातील एसटी खंड, म्हणजे हृदयाच्या एका आकुंचनाची विद्युतलहर संपल्यानंतरचा भाग, मूळ रेषेच्या १ मिलिमीटर किंवा अधिक खाली जाऊन आडवा राहिला अथवा उतरता गेला, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. खाली जाऊन झपाट्याने वर चढणाऱ्या खंडाला तेवढे महत्त्व नसते.

मात्र पॉझिटिव्ह निष्कर्ष म्हणजे हृद्‌रोहिणीत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) अडथळा आहेच असे नव्हे, कारण त्या निष्कर्षाचे वजन चाचणीपूर्वी रोगाची शक्यता किती होती यावर ठरते. स्त्रियांमध्ये ही चाचणी सुमारे ६१ टक्के रोगी ओळखते आणि सुमारे ७० टक्के निरोगींना निरोगी ठरवते. चाळिशीतल्या, छातीत अस्पष्ट दुखणाऱ्या १,००० स्त्रियांपैकी ५० जणींना रोग आहे असे समजल्यास त्यांपैकी सुमारे ३० जणी पॉझिटिव्ह येतील, पण उरलेल्या ९५० निरोगी स्त्रियांपैकी २८५ जणीही पॉझिटिव्ह येतील, म्हणजे दर दहा पॉझिटिव्ह निष्कर्षांत जेमतेम एक खरा असेल. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांमध्ये हा रोग समवयस्क पुरुषांपेक्षा कमी आढळतो, आणि स्त्रियांत खोटे पॉझिटिव्ह निष्कर्ष अधिक असण्याचे मुख्य कारण हेच आहे.

याखेरीज इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा एसटी खंडावर डिजिटॅलिस या औषधासारखा परिणाम होत असावा, असे मानले जाते. विश्रांतीच्या वेळच्या आलेखातच किरकोळ बदल असणे, रक्तक्षय आणि द्विदल झडपेचा भ्रंश हीही कारणे संभवतात. काही स्त्रियांत मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे कार्य बिघडलेले असते. अशा वेळी अँजिओग्राफी निर्दोष आली म्हणून तक्रार खोटी ठरवणे चूक आहे.

म्हणून केवळ एसटी खंड पाहून निदान करू नये. ड्यूक गुणांकात चालण्याच्या मिनिटांतून एसटी विचलनाची पाचपट आणि छातीत दुखण्याच्या श्रेणीची (० ते २) चौपट वजा करतात. +५ व त्यावरील गुणांक कमी धोक्याचा, तर -११ व त्याखालील गुणांक मोठ्या धोक्याचा मानतात. ब्रूस पद्धतीने १० मिनिटे न दुखता चाललेल्या आणि १ मिलिमीटर बदल दिसलेल्या स्त्रीचा गुणांक +५ येतो. तो बदल थांबल्यावर मिनिटभरात नाहीसा झाला, तर निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता आणखी वाढते. उलट थोड्याच श्रमात रक्तदाब घसरला किंवा बदल विश्रांतीतही बराच वेळ टिकला, तर रुग्ण स्त्री आहे एवढ्या कारणाने त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. शंका उरल्यास ताण-इकोकार्डिओग्राफी किंवा सीटी अँजिओग्राफी करतात.