दप्तर धोरण, २०२० : गृहपाठविषयक मार्गदर्शन

दप्तर धोरण, २०२० हा भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचा धोरणात्मक दस्तऐवज आहे. दप्तराच्या वजनाबरोबरच गृहपाठाची कालमर्यादाही त्यात इयत्तागटानुसार सुचविली आहे. तत्पूर्वी १९९३ मध्ये यशपाल समितीने प्राथमिक वर्गांना परिसर-निरीक्षणाखेरीज गृहपाठ देऊ नये, अशी शिफारस केली होती.

इयत्तागटानुसार मर्यादा

पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही. इतका वेळ बैठक मारून बसणे या वयाला झेपत नाही. त्याऐवजी मुलांनी आदल्या संध्याकाळी कोणते खेळ खेळले, काय जेवले, हे वर्गात सांगावे असे अभिप्रेत आहे. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आहेत. ही मर्यादा दिवसाची समजण्याची चूक सहज होते. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, तर नववी ते बारावीला दिवसाला दोन तास अशी कमाल मर्यादा आहे.

अंमलबजावणी

खरी अडचण सहावीपासून सुरू होते, कारण तेथे विषयागणिक शिक्षक बदलतात. सातवीच्या वर्गात सहा विषयांच्या शिक्षकांनी प्रत्येकी केवळ वीस मिनिटांचे काम दिले, तरी एकूण दोन तास होतात. प्रत्येकाला आपला गृहपाठ थोडाच वाटतो. मर्यादा मात्र दुपटीने ओलांडलेली असते. यावर सोपा उपाय म्हणजे गृहपाठाचे वेळापत्रक. दररोज दोनच विषय, प्रत्येकी अर्धा तास. सहा दिवसांत बारा पाळ्या होतात आणि प्रत्येक विषयाला दोन मिळतात. सरावाची अधिक गरज असल्यास गणिताला तिसरी पाळी देता येते, पण ती दुसऱ्या विषयातून काढावी लागते. तोच फळा वर्गात लावला, की जादा काम कोणी दिले हे लपत नाही.

अर्धा तास कोणाचा, हा प्रश्न उरतोच. शिक्षकाला दहा मिनिटांत सुटणारी उदाहरणे मुलाला अर्धा तास घेतात. म्हणून पहिली दोन उदाहरणे वर्गातच सोडवून घ्यावीत आणि लागलेल्या वेळावरून उरलेल्यांची संख्या ठरवावी. अनेक वह्यांत एकच चूक एकाच जागी दिसली, तर काम उतरवून घेतले गेले, असे बहुधा समजावे. तसेच वही कोरी असणे म्हणजे आळसच, असे नव्हे.

घरची परिस्थिती

कालमर्यादा सर्वांना सारखी असली, तरी घरचा तास सारखा नसतो. एका खोलीचे घर, धाकट्या भावंडाची जबाबदारी, पाणी भरण्याची वेळ या गोष्टी त्या तासातूनच वजा होतात. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांना तर रोजची वही तपासून मिळणेच शक्य नसते. त्यांना परतल्यावर मागील गृहपाठ भरून काढायला लावण्यापेक्षा सुटलेला घटक वर्गात शिकवणे रास्त ठरते. पालकांच्या मदतीवाचून पूर्ण न होणारा, किंवा थर्माकोल व रंगीत छपाई विकत आणायला लावणारा प्रकल्प हा प्रत्यक्षात पालकांचाच गृहपाठ होय. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्यांसाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग उघडा ठेवणे हा पर्याय अधिक उपयोगी पडतो, मात्र परतीची एसटी त्याआधी सुटत नसेल तरच.