सप्ताहाचं कीर्तन मोबाईलवरून लाईव्ह करताय? कमेंट, पाहुणे आणि रेकॉर्डिंगचं गणित समजून घ्या

सांगवी : अखंड हरिनाम सप्ताह असो नाहीतर काटेवाडीतलं मेंढ्यांचं रिंगण, आता गावोगावी कोणी ना कोणी मोबाईल उभा करून लाईव्ह सुरू करतोच. पण दोन तासांचं कीर्तन लाईव्ह झालं आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओच सापडेना, असंही होतं. काल्याच्या कीर्तनाचं उदाहरण घेऊन पाहू, म्हणजे हे का होतं ते कळेल.

आदल्या दिवशीची तयारी

यूट्यूबवर मोबाईलवरून लाईव्ह करायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि मोबाईल नंबरची पडताळणी लागते. पहिल्यांदा लाईव्ह चालू करून घेताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे मंडपात उभं राहून चॅनेल काढायला गेलात तर कीर्तन हातचं गेलं समजा. जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना स्वतःच्या चॅनेलवरून एकट्याने लाईव्ह करता येत नाही. म्हणून चॅनेल मंडळातल्या मोठ्या माणसाच्या नावावर असावं.

नेटचाही हिशोब आधीच करा. बऱ्यापैकी चित्र हवं असेल तर तासाला साधारण एक जीबीपेक्षा थोडा जास्त डेटा जातो. दोन तासांच्या कीर्तनाला सव्वादोन जीबी धरा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर कीर्तन मध्येच तुटणार. फोन आला तरी लाईव्हमध्ये अडथळा येतो, त्यामुळे कॉल बंद राहतील अशी सेटिंग करून ठेवा.

कमेंट कोण सांभाळणार?

ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याला कमेंट सांभाळता येत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या फोनवर दुसरा माणूस बसवा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये त्याला मॉडरेटर करता येतं. त्याला तुमचा पासवर्ड द्यावा लागत नाही आणि चॅनेलवरचे व्हिडिओही त्याला काढता येत नाहीत. कमेंट काढणं, एखाद्याला थोडा वेळ गप्प करणं किंवा कायमचं लपवणं एवढंच त्याच्या हातात असतं. लपवलेल्या माणसाला तसा निरोप जात नाही. तो लिहीत राहतो, पण बाकीच्यांना ते दिसत नाही. त्यामुळे भांडण वाढत नाही.

नको असलेल्या शब्दांची यादीही आधी भरून ठेवता येते. इथे एक चूक हमखास होते. शिवी मराठी अक्षरांत भरली जाते आणि समोरचा ती इंग्रजी अक्षरांत लिहितो. यादीतल्या शब्दाशी जुळलं तरच अडतं, म्हणून दोन्ही लिप्यांत आणि वेगवेगळ्या स्पेलिंगने भरा. निवडणुकीच्या दिवसांत दोन गट भिडले तर Slow mode चालू करा. मग एका माणसाला ठरावीक सेकंदांनीच पुढची कमेंट टाकता येते.

बाहेरगावचा पाहुणा

मुंबईला असलेल्या गावकऱ्याला दोन शब्द बोलायचे असतील तर मोबाईल ॲपमध्ये Go Live Together हा पर्याय आहे. तो लाईव्ह सुरू करतानाच निवडावा लागतो. त्यातून मिळालेली लिंक पाहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची. तो आधी बाहेर थांबतो आणि तुम्ही घेतल्यावरच पडद्यावर येतो. एका वेळी एकच पाहुणा घेता येतो. लिंक गावच्या ग्रुपवर टाकू नका, नाहीतर नको ते लोक दारात येऊन थांबतील.

पाहुण्याला इअरफोन लावायला सांगा. त्याच्या घरात तेच लाईव्ह टीव्हीवर चालू असेल तर तेही बंद करायला सांगा. लाईव्ह काही सेकंद उशिरा पोहोचतं, त्यामुळे त्याचाच आवाज मागून येतो आणि सगळा गोंधळ होतो.

कीर्तन संपल्यावर

यूट्यूबवर १२ तासांच्या आतलं लाईव्ह आपोआप साठवलं जातं. मात्र चॅनेलचे सबस्क्रायबर हजाराच्या आत असतील तर मोबाईलवरून केलेलं लाईव्ह संपल्यावर ते Private होऊ शकतं. म्हणजे तुम्हाला दिसतं, गावाला नाही. ‘व्हिडिओ उडाला’ असं वाटतं ते बहुतेक यामुळेच. YouTube Studio ॲपमध्ये तो व्हिडिओ उघडून Public करा.

फेसबुकवर केलेलं लाईव्ह मात्र खरंच जातं. १९ फेब्रुवारी २०२५ पासून तिथलं नवं लाईव्ह फक्त ३० दिवस राहतं, नंतर काढून टाकलं जातं. त्याआधीचे जुने व्हिडिओही मालकाला कळवून, उतरवून घ्यायला ९० दिवसांची मुदत देऊन काढायचं कंपनीने तेव्हाच जाहीर केलं. मेल न बघणाऱ्या मंडळांचे जुने सप्ताह त्यात गेले असण्याची शक्यता आहे.

म्हणून लाईव्ह कुठेही करा, त्याच आठवड्यात व्हिडिओ उतरवून घ्या. यूट्यूबचा स्वतःचा व्हिडिओ संगणकावर Studio मधून उतरवता येतो. एक प्रत पेनड्राईव्हवर आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. कीर्तनकार महाराज पुढच्या वर्षी येतीलही, पण त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेली म्हातारी माणसं पुन्हा त्याच व्हिडिओत बघायला मिळतात.