सांगलीचा पूर आणि चॅनेल ०५०

नोकियाचे ठोकळे आठवतात? त्यात चॅनेल ०५० चालू केलं की स्क्रीनवर कोपऱ्यात त्या भागाचं नाव यायचं. एसटी साताऱ्याकडून कऱ्हाडकडे निघाली की टॉवरगणिक नाव बदलायचं. ते नाव तुमच्या नंबरवर कोणी पाठवत नव्हतं. टॉवर आपला बोलत राहायचा आणि ज्याला ऐकायचं तो फोन ऐकायचा. हेच सेल ब्रॉडकास्ट. म्हणजे २०२३ च्या पावसाळ्यात सरकारी चाचणीचा मेसेज येऊन फोन किंचाळले, ते तंत्र आपल्याकडे जुनंच होतं, फक्त गावाची नावं सांगण्यात गुंतलेलं!

एसएमएसचं तसं नाही. त्याला नंबर लागतो. नेटवर्क आधी तो फोन कुठे आहे हे शोधतं, मग त्याला हाक मारून मेसेज देतं आणि पोच घेतं. समजा, कोयनेचे दरवाजे उघडलेत आणि कऱ्हाडच्या एका टूजी टॉवरखाली २००० फोन आहेत. या कामाला ८ मार्गिका मोकळ्या आहेत आणि एका मेसेजला ४ सेकंद लागतात असं धरलं, तर सगळ्यांना कळवायला १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं लागतील. त्यात सगळे घाबरून फोन करत असणार, म्हणजे मार्गिका भरलेल्याच. ब्रॉडकास्टमध्ये फोन २ असोत की २०००, टॉवर एकदाच बोलतो. नंबरांची यादी लागत नाही, त्यामुळे हायवेवरून जाणाऱ्या बंगळूरच्या ड्रायव्हरलाही मेसेज मिळतो. टॉवर तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवतो, पण त्यावरचा अनुक्रमांक बघून फोन तो एकदाच दाखवतो.

आता सायलेंट मोडचं. तो भोंगा मेसेजमधून येत नाही बरं का, तो फोनमध्येच असतो. प्रत्येक ब्रॉडकास्टला एक क्रमांक असतो. गावाच्या नावाला ०५० होता, तर धोक्याच्या इशाऱ्यांसाठी ४३७० पासूनचे काही क्रमांक राखून ठेवलेत. असा क्रमांक दिसला की फोन रिंगरची सेटिंग न विचारता ओरडतो. एसएमएसला ही सवलत देता येत नाही, कारण एसएमएस कोणीही पाठवू शकतो. दिली असती, तर रात्री दोनला कर्जाच्या जाहिराती बोंबलल्या असत्या. ब्रॉडकास्ट मात्र मोबाईल कंपनीच्या टॉवरवरूनच निघतो. (कोणी खोटा टॉवर उभा केला तर? फोन फसू शकतो. ही त्यातली कच्ची बाजू.)

दुसरी मर्यादा सांगलीकरांना लगेच कळेल. ब्रॉडकास्टला पोच नसते, त्यामुळे इशारा कोणी वाचला हे सरकारला समजत नाही. बंद फोनसाठी एसएमएस थांबून राहतो, ब्रॉडकास्ट ठरलेल्या मुदतीनंतर संपतो. आणि टॉवरच बंद पडला तर बोलणार कोण? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. एवढ्या पुरात वीज जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेल संपतं. म्हणून भोंगा वाजवायचा तर पाणी पुलाशी यायच्या आधी, ते कोयनेतून निघून कऱ्हाडला कृष्णेत मिसळत असतानाच. तंत्र सेकंदात पोचतं, पण बटण दाबायची वेळ माणसालाच ठरवावी लागते.