फोन हीच गाडीची किल्ली, पण फोनची बॅटरी संपली तर? डिजिटल किल्ली कशी जोडायची, घरात कशी वाटायची आणि कधी दगा देते

गाडीजवळ जायचं, दरवाजाच्या हँडलला फोन लावायचा, दार उघडतं. आत बसून फोन चार्जिंगच्या जागेवर ठेवायचा, स्टार्टचं बटण दाबायचं, गाडी सुरू. २०२० च्या जूनमध्ये ॲपलने आयफोनसाठी ही सोय जाहीर केली, तेव्हा ती बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजपासून सुरू झाली होती. भारतात २०२४ मध्ये आलेल्या नव्या ह्युंदाई अल्काझारमध्येही डिजिटल किल्ली मिळाली आणि महागड्या गाड्यांपुरती असलेली ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांच्या पार्किंगपर्यंत पोहोचली.

पण पहिला प्रश्न प्रत्येकाला पडतो तो हाच: फोन बंद पडला तर गाडीबाहेर उभं राहायचं का? याचं उत्तर फोन किती महाग आहे यावर नाही, तर तुमची डिजिटल किल्ली कोणत्या प्रकारची आहे यावर ठरतं.

डिजिटल किल्ली म्हणजे नेमकं काय?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक सर्रास ‘डिजिटल की’ म्हणतात.

पहिली म्हणजे कंपनीच्या ॲपमधलं ‘अनलॉक’चं बटण. ते दाबलं की आदेश इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला आणि तिथून गाडीला जातो. फोन आणि गाडी, दोघांनाही नेटवर्क लागतं. मॉलच्या दुसऱ्या तळघरात रेंज नसेल तर हे बटण निरुपयोगी. खरं तर हा रिमोट कंट्रोल आहे, किल्ली नव्हे.

दुसरी म्हणजे ब्लूटूथवर चालणारी किल्ली. टेस्लाची ‘फोन की’ हे तिचं ओळखीचं उदाहरण. फोन खिशात असला की गाडी त्याला ओळखते. इंटरनेट लागत नाही, पण फोन चालू असावा लागतो.

तिसरी म्हणजे फोनच्या वॉलेटमध्ये राहणारी, एनएफसीवर चालणारी किल्ली. मेट्रोचं कार्ड किंवा ‘टॅप’ करून पैसे देताना जे तंत्र वापरतात, तेच हे. फोनमध्ये एक वेगळी सुरक्षित चिप असते आणि किल्लीचा गुप्त भाग तिथेच तयार होऊन तिथेच राहतो. अंतर जेमतेम काही सेंटीमीटरचं, म्हणून फोन हँडलला अगदी टेकवावा लागतो. नव्या गाड्यांत याच्या जोडीला यूडब्ल्यूबी नावाचं रेडिओ तंत्रही असतं. ते फोन किती अंतरावर आहे हे अचूक मोजतं, त्यामुळे फोन खिशातून न काढताही दार उघडतं.

फोन बंद पडल्यावर या तिन्हींपैकी फक्त एनएफसीची किल्ली काही काळ तग धरू शकते, तीही सगळ्या फोनवर नाही.

किल्ली फोनमध्ये कशी आणायची?

आयफोन आणि बीएमडब्ल्यूचं उदाहरण घेऊ. इतर कंपन्यांच्या ॲपची नावं आणि मेनू वेगळे असतात, पण क्रम साधारण हाच.

१. आधी गाडी कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या नावावर जोडलेली हवी. बीएमडब्ल्यूचं ॲप My BMW या नावाने मिळतं. फोनला पासकोड आणि फेस आयडी किंवा टच आयडी असणं आवश्यक आहे.

२. गाडीत बसा आणि शोरूममधून मिळालेल्या मूळ किल्ल्या सोबत ठेवा. पहिल्या जोडणीच्या वेळी काही गाड्या एक नव्हे, दोन्ही किल्ल्या आत असल्याची खात्री करतात. म्हणून ‘दुसरी किल्ली गावाला आहे’ अशी स्थिती असेल तर जोडणी अडू शकते.

३. ॲपमध्ये Digital Key हा पर्याय उघडून जोडणी सुरू करा आणि सांगितल्यावर फोन गाडीतल्या वायरलेस चार्जिंगच्या खोबणीत ठेवा. जोडणी पूर्ण होईपर्यंत फोन उचलू नका. जोडणी फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फोन नीट न टेकणं. जाड कव्हर किंवा मागे अडकवलेलं धातूचं रिंग होल्डर असेल तर ते काढून पुन्हा प्रयत्न करा.

४. किल्ली वॉलेटमध्ये दिसू लागली की घरी जाण्याआधी चाचणी घ्या. मूळ किल्ली दुसऱ्या कुणाकडे देऊन तिला गाडीपासून लांब जायला सांगा, मग फक्त फोनने दार उघडा आणि गाडी सुरू करा. मूळ किल्ली खिशात ठेवून घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण गाडी कदाचित तिलाच ओळखून उघडली असेल.

आता एक महत्त्वाची सेटिंग. किल्ली जोडली की आयफोनमध्ये तिच्यासाठी Express Mode आपोआप सुरू होतो. याचा अर्थ दार उघडताना चेहरा किंवा बोट दाखवावं लागत नाही, लॉक असलेला फोनही चालतो. सोय मोठी आहे, पण तुमचा फोन ज्याच्या हातात तो गाडीही उघडू शकतो. हा मोड बंद करता येतो. मात्र बंद केला तर बॅटरी संपल्यानंतर मिळणारी सवलतही जाते.

घरच्यांना किल्ली कशी द्यायची?

शेअर करताना तुमच्या किल्लीची प्रत निघत नाही. समोरच्याच्या फोनमधल्या चिपमध्ये नवी, स्वतंत्र किल्ली तयार होते आणि तुमचा फोन तिला मालक म्हणून मान्यता देतो. म्हणूनच एकाची किल्ली रद्द केली तरी बाकीच्यांच्या चालू राहतात.

वॉलेटमध्ये किल्ली उघडून शेअरचा पर्याय निवडला की आधी अधिकार ठरवायचा असतो: फक्त दार उघडायचं, की गाडी चालवायचीही. बीएमडब्ल्यूमध्ये नवशिक्या चालकासाठी कमाल वेग, इंजिनची ताकद आणि रेडिओचा आवाज यांवर मर्यादा घालण्याची सोय आहे. नुकताच परवाना मिळालेल्या मुलाला किंवा मुलीला गाडी देताना ही सोय उपयोगी पडते.

त्यानंतर आमंत्रणाची लिंक मेसेज, मेल किंवा व्हॉट्सॲपवरून जाते. सोबत पडताळणीचा कोड ठेवण्याचा पर्याय दिसला तर तो ठेवा आणि कोड फोन करून सांगा. लिंक आणि कोड दोन्ही फॅमिली ग्रुपवर टाकले तर कोडचा उपयोगच संपतो. किती जणांना किल्ली देता येईल आणि आयफोनवरून ॲन्ड्रॉइडवर देता येईल का, हे गाडी आणि फोनच्या मॉडेलवर अवलंबून असतं.

किल्ली परत घेणं मालकाच्या हातात असतं. आपल्या फोनमधून किंवा गाडीच्या स्क्रीनवरून ती काढून टाकता येते. पण हा निरोप गाडीपर्यंत पोहोचावा लागतो. गाडी रेंज नसलेल्या तळघरात उभी असेल तर उशीर होऊ शकतो. ड्रायव्हरने काम सोडलं असेल तर गाडीच्या स्क्रीनवरची किल्ल्यांची यादी स्वतः पाहून खात्री करणं चांगलं.

बॅटरी संपल्यावर काय होतं?

बॅटरी शून्यावर येऊन फोन बंद पडतो, तेव्हा तिच्यात थोडी वीज शिल्लक असते. स्क्रीन आणि नेटवर्क चालवायला ती पुरत नाही, पण एनएफसी आणि सुरक्षित चिपला पुरते. आयफोन एक्सएस, एक्सआर आणि त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ही राखीव वीज कार्ड आणि किल्लीसाठी वापरता येते. ॲपलच्या म्हणण्यानुसार ती जास्तीत जास्त ५ तास टिकते.

समजा, एक पुणेकर कुटुंब कोल्हापूरला लग्नाला गेलं आहे. गाडी वडिलांच्या फोनला जोडलेली आहे. दिवसभर फोटो आणि व्हिडिओ काढून त्यांचा फोन संध्याकाळी ६ वाजता बंद पडला. जेवणं आटोपून ते रात्री १० वाजता पार्किंगमध्ये आले तर ४ तास झालेले असतील. फोन खिशात ठेवून दार आपोआप उघडेल यावर विसंबता येणार नाही. पण फोन हँडलला टेकवला तर दार उघडेल आणि खोबणीत ठेवला तर गाडी सुरू होईल. गाडी सुरू झाली की त्याच खोबणीत फोन चार्जही होऊ लागेल.

तेच कुटुंब १२ वाजता आलं तर ६ तास झाले. आता फोनवर भिस्त ठेवता येणार नाही. अशा वेळी मुलीच्या फोनमध्ये शेअर केलेली किल्ली असेल तर काम भागतं. नाहीतर कुणाची पॉवर बँक घेऊन फोन चालू होईपर्यंत चार्ज करायचा आणि पासकोड टाकायचा.

या हिशेबात तीन चुका हमखास होतात. एक, ‘थोडी बॅटरी वाचवू’ म्हणून ३ टक्के असताना फोन स्वतःच बंद करणं. बटण दाबून बंद केलेल्या आयफोनमध्ये ही राखीव सोय चालत नाही. तो आपोआप बंद पडू देणंच बरं. दोन, सोय उरली आहे का हे पाहायला साइड बटण पुन्हा पुन्हा दाबणं. ते दाबल्यावर स्क्रीनवर सूचना दिसते, पण प्रत्येक वेळी राखीव वीज खर्च होते. तीन, ॲन्ड्रॉइडमध्येही हेच होईल असं धरून चालणं. काही मॉडेल्समध्ये अशी सोय आहे, काहींत नाही. आपल्या फोनचं माहितीपान आधीच पाहून ठेवावं.

टेस्लासारख्या ब्लूटूथ किल्लीत फोन बंद म्हणजे किल्ली बंद. म्हणूनच कंपनी क्रेडिट कार्डाएवढं एनएफसी कार्ड देते. त्याला बॅटरीच नसते. ते घरी ड्रॉवरमध्ये नव्हे, पाकिटात असायला हवं.

फोन ठीक, पण गाडीच बंद?

महिनाभर उभ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर हँडलमधल्या एनएफसी रीडरलाच वीज मिळत नाही. तेव्हा १०० टक्के चार्ज असलेला फोनही काही करू शकत नाही. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत मूळ रिमोट किल्लीच्या पोटात लपवलेली धातूची पात काढून दार उघडावं लागतं.

फोन हरवला तर Find My मधून तो ‘हरवलेला’ म्हणून नोंदवा. फोन इंटरनेटला जोडलेला असेल तर किल्ली थांबते. नसेल तर गाडीच्या स्क्रीनवरून ती काढून टाका. नवा फोन घेतल्यावर मात्र बॅकअपवर विसंबू नका, चिपमधला गुप्त भाग बॅकअपमध्ये जात नाही. जुना फोन विकण्याआधी नव्या फोनवर किल्ली चालते याची खात्री करा.

या सगळ्यात मूळ किल्ल्यांचं महत्त्व कमी होत नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दाव्याच्या वेळी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. त्यामुळे एक किल्ली घरी सुरक्षित ठेवा आणि लांबच्या प्रवासात दुसरी किंवा एनएफसी कार्ड फोनपेक्षा वेगळ्या खिशात ठेवा.